कॉस्ट शीटमधली ‘डिझाइन – ५०० रुपये’ ही ओळ

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटचं कॉस्टिंग मी बघते. सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारीसाठी ते ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवतात. घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत एक टाकी जमिनीखाली असते आणि दुसरी गच्चीवर. मोटार लावायचं आणि बंद करायचं काम वॉचमनकडे असतं, आणि त्याचा डोळा लागला की गच्चीवरून पाणी वाहतं. हा डबा बसवला की टाकी भरल्यावर मोटार आपोआप बंद होते. खालच्या टाकीत पाणी नसेल तर ती सुरूच होत नाही.

एका दुपारी मी तिथे बसले असताना एका काँट्रॅक्टरचा फोन आला. त्याला ३०० नग हवे होते, भाव छत्तीसशे. युनिटच्या मालकांनी समोरची कॉस्ट शीट बघितली आणि म्हणाले, “नाही परवडत हो. आमची कॉस्टच एक्केचाळीसशे तेहतीस आहे.” फोन ठेवला. त्या एका वाक्यात त्यांचे दोन लाख चाळीस हजार रुपये गेले, आणि ते गेले हे त्यांना कळलंही नाही. चूक त्यांची नव्हती. चूक कॉस्ट शीटमधल्या एका ओळीत होती.

नव्याने कॉस्टिंग शिकणाऱ्यांसाठी आणि स्वतःचा माल स्वतः डिझाइन करणाऱ्या छोट्या युनिटवाल्यांसाठी ती ओळ मी इथे सुटी करून दाखवते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी खर्च वेगळे करा

या कंट्रोलरवर दहा महिने काम चाललं. दोन इंजिनिअर, दोघांचा मिळून महिन्याचा पगार ९०,०००. पहिले दोन महिने नुसता शोध चालला होता: पाण्याची पातळी ओळखायला इलेक्ट्रोडच्या सळ्या वापराव्यात की अल्ट्रासॉनिक सेन्सर, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात सळ्या किती दिवस टिकतात. त्याचे १,८०,००० झाले. मग काय बनवायचं ते ठरलं आणि पुढचे आठ महिने खरं डिझाइन झालं. पगार ७,२०,०००, पीसीबीचे तीन वेळा काढलेले सँपल १,२०,०००, लॅबमधल्या चाचण्या १,६०,०००. हे मिळून बरोबर १०,००,०००. शिवाय डब्याचा मोल्ड ४,००,०००.

बहुतेक ठिकाणी हे सगळं एका गठ्ठ्यात टाकून ‘डेव्हलपमेंट खर्च’ असं नाव देतात. तसं करू नका. मोल्ड ही वस्तू आहे. ती शेल्फवर दिसते, वापरली की झिजते आणि गरज पडली तर विकताही येते. तो मशिनरीसारखा धरून त्याचा घसारा वेगळा लावा. पुढच्या हिशोबात मी मोल्ड घेतलेला नाही.

उरलेल्या प्रत्येक खर्चाला तीन प्रश्न विचारा. उद्या एक नग जास्त केला तर हा खर्च वाढेल का? एकही नग केला नाही, पण माल बाजारात ठेवला, तर हा खर्च चालू राहील का? आणि ही लाइन, म्हणजे या एका मालाचा सगळा धंदा, आज बंद केली तर झालेले पैसे परत येतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरच तो खर्च खऱ्या अर्थाने नगाचा. डिझाइनमध्ये असे खर्च फार थोडे असतात. कुणाचं सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक डब्यामागे रॉयल्टी द्यायची असेल तर ती नगाची. या युनिटला तशी रॉयल्टी नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तो खर्च वर्षाचा. लोक सर्वांत जास्त विसरतात तो हाच. डिझाइन संपलं असं आपण म्हणतो, पण ते कधी संपत नाही. एखादा आयसी बाजारातून बंद होतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवायला बोर्ड बदलावा लागतो. पावसाळ्यात तक्रारी येतात आणि प्रोग्राममध्ये दुरुस्ती करावी लागते. बोर्ड बदलला की चाचणी पुन्हा. या युनिटला यासाठी वर्षाला १,२०,००० लागतात, मग ४०० नग विकले जावोत की ४,०००. म्हणून ‘डिझाइन हा एकदाच होणारा खर्च’ असं कुणी म्हटलं की मी आधी ही रक्कम विचारते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, म्हणजे पैसे गेले ते गेले, तर तो एकरकमी खर्च. आपले दहा लाख इथे बसतात. शोधाचे १,८०,००० सुद्धा इथलेच, पण ते मी लाइनवर टाकत नाही. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते पुढच्या कुठल्याही मालात कामाला येईल किंवा कदाचित कशातच येणार नाही. तो त्या वर्षीचा धंद्याचा खर्च.

पाचशे रुपये कुठून आले

मालकांनी अंदाज केला होता की दोन वर्षांत २,००० नग जातील. दहा लाख भागिले दोन हजार म्हणजे नगामागे ५००. कच्चा माल २,३००, जोडणीची मजुरी ३५०, पॅकिंग आणि वाहतूक १५०, असे नगाचे खरे अठ्ठावीसशे. त्यात पाचशे मिळवले की तेहतीसशे. डीलरला भाव बेचाळीसशे, जीएसटी सोडून. सगळं छान दिसत होतं.

हे पाचशे रुपये कुणाला दिले जात नाहीत. तेवीसशेचा कच्चा माल विकत घ्यावा लागतो, साडेतीनशेची मजुरी शनिवारी हातात द्यावी लागते. पाचशे म्हणजे फक्त एक भागाकार, आणि त्यातला खालचा आकडा अंदाज आहे. अंदाज चुकला की ‘खर्च’ बदलतो, प्रत्यक्षात एक पैसाही जास्त गेला नसताना.

झालंही तसंच. पहिल्या वर्षी १,००० ऐवजी ४०० नग गेले. मार्चमध्ये अकाउंटंटने प्रामाणिकपणे शीट दुरुस्त केली. ४०० नगांवर दोन लाख वसूल झाले, आठ लाख बाकी. पुढच्या वर्षी ६०० नग जातील असं धरलं. आठ लाख भागिले सहाशे म्हणजे १,३३३. अठ्ठावीसशेत ते मिळवले आणि एक्केचाळीसशे तेहतीस तयार झाले.

बोर्ड तोच, मजुरी तीच, बिलातला एकही भाव वाढलेला नाही, आणि ‘कॉस्ट’ एका वर्षात आठशेहून जास्त वाढली. तुमच्या शीटमध्ये असं दिसलं तर समजा की एकरकमी खर्च नगाच्या वेषात बसलाय. यापुढचा घसरता रस्ता मी दोनतीन ठिकाणी पाहिलाय. कॉस्ट वाढली म्हणून भाव वाढवतात, भाव वाढला म्हणून विक्री घटते, विक्री घटली की भागाकारातला खालचा आकडा आणखी लहान होतो आणि कॉस्ट पुन्हा वाढते.

आता त्या काँट्रॅक्टरकडे परत या. छत्तीसशेला एक नग दिला असता तर अठ्ठावीसशे खर्च जाऊन आठशे उरले असते. तीनशे नगांचे २,४०,०००. डिझाइनचे दहा लाख नग दिल्याने वाढणार नव्हते आणि नाकारल्याने परतही येणार नव्हते.

अर्थात छत्तीसशेला देण्यापूर्वी दोन गोष्टी बघायच्या असतात. तो माल आपल्या नेहमीच्या डीलरच्याच गिऱ्हाइकांना जाणार आहे का? गेला तर डीलरही छत्तीसशेच मागेल आणि मग आठशेचा फायदा उरणार नाही. दुसरं, त्या तीनशेसाठी नेहमीची ऑर्डर मागे पडणार आहे का? या काँट्रॅक्टरचं काम पनवेलच्या पुढच्या नव्या इमारतींचं होतं आणि जोडणीच्या टेबलावर जागा रिकामी होती. नाही म्हणायचं काहीच कारण नव्हतं.

मग सगळं एकदम लाइनवर टाकायचं का?

टाकायचं, पण तेवढ्याने काम संपत नाही. दहा लाख पहिल्याच वर्षी लाइनच्या नावावर टाकले तर चित्र असं दिसतं: नगामागे बेचाळीसशे वजा अठ्ठावीसशे म्हणजे चौदाशे उरतात, यालाच काँट्रिब्यूशन म्हणतात. ४०० नगांचे ५,६०,०००. त्यातून वर्षाची देखभाल १,२०,००० गेली, उरले ४,४०,०००. त्यातून दहा लाख वजा केले की ५,६०,००० तोटा. (चारशे नगांचं काँट्रिब्यूशन आणि हा तोटा एकच आकडा आला, हा या उदाहरणापुरता योगायोग. गोंधळू नका.)

हा तोटा बघून भागीदार म्हणतात, लाइन बंद करा. हीसुद्धा तेवढीच महागात पडणारी चूक. बंद केली तर ते ५,६०,००० कायमचे गेले. चालू ठेवली आणि दुसऱ्या वर्षी ६०० नग गेले तर ८,४०,००० मिळतात, देखभाल जाऊन ७,२०,००० उरतात, आणि दोन वर्षं मिळून लाइन १,६०,००० ने पुढे जाते.

उलट बाजूचा धोकाही आहे. एकदा खर्च टाकून झाला की विक्रीवाला म्हणतो, डिझाइनचे पैसे तर फिटले, आता तीन हजारालाही देऊ. नगामागे दोनशे उरतात, माल खपतो आणि पुढच्या डिझाइनसाठी एक रुपया जमत नाही. म्हणून ना नगावर पसरून भागतं, ना एकदा टाकून विसरून.

त्याऐवजी लाइनची वही ठेवा

मी जे करायला सांगते ते साधं आहे. टॅलीमध्ये त्या लाइनच्या नावाने एक कॉस्ट सेंटर उघडा. डिझाइन सुरू झाल्या दिवसापासून त्या कामाचा प्रत्येक खर्च त्यावर टाका. इंजिनिअरचा पगार टाकायला त्यांच्याकडून रोजची नोंद लागते, कुठल्या मालावर किती तास. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नाही, कारण तेव्हा सगळे तास ज्या मालाची चर्चा जास्त झाली त्याच्या खात्यात जातात. चहाच्या वेळी दोन ओळी लिहायची सवय लावली की पुरतं.

मग दर महिन्याला तीन ओळी लिहा: विकलेले नग गुणिले काँट्रिब्यूशन, वजा त्या महिन्याची देखभाल, आणि दहा लाखांपैकी किती बाकी. पहिल्या वर्षअखेर बाकी ५,६०,००० होती. दुसऱ्या वर्षी महिन्याला ५० नग गेले तर सत्तर हजार येतात, दहा हजार देखभाल जाते, साठ हजार वहीत जमा होतात. या वेगाने दहाव्या महिन्यात खड्डा भरतो. काँट्रॅक्टरची ऑर्डर घेतली असती तर सहाव्यात भरला असता. मालकांना मी हेच दाखवलं. ‘कॉस्ट एक्केचाळीसशे’पेक्षा ‘चार महिने उशीर’ त्यांना लगेच समजलं.

वसुली विक्रीवर मोजा, उत्पादनावर नाही. नगावर पसरण्याची सवय असली की गोदामात पडलेल्या ३०० डब्यांमध्येही पाचशे पाचशे रुपये ‘वसूल’ झाल्यासारखे दिसतात. दीड लाख वसूल, आणि गिऱ्हाईक एकही नाही.

यावर नेहमी विचारलं जातं, जागेचं भाडं, ऑफिसचा पगार, वीज यांचं काय? तेही काँट्रिब्यूशनमधूनच निघायचं असतं. सगळ्या लाइनच्या वह्यांमधून महिन्याला जे जमा होतं त्याची बेरीज या खर्चापेक्षा जास्त आहे ना, हे वेगळं बघा. ते लाइनच्या वहीत वाटून टाकलं की पुन्हा भागाकाराचाच गोंधळ सुरू होतो.

भागाकार उपयोगी पडतो ती वेळ

भागाकार वाईट नाही. तो पैसे खर्च होण्याच्या आधी करायचा असतो. दहा लाख भागिले चौदाशे म्हणजे ७१५ नग. डिझाइन सुरू करण्यापूर्वी विचारा, ७१५ नग आपण विकू शकतो का, आणि दर वर्षी देखभालीचे आणखी ८६? तेव्हा उत्तर ‘नाही’ आलं तर दहा लाख वाचतात. पैसे खर्च झाल्यावर तोच भागाकार फक्त पुढच्या निर्णयांच्या आड येतो.

विक्रीचा आकडा कुणाकडून घ्यायचा? विक्रीवाल्याने सांगितलेला आकडा मी तसाच घेत नाही. आतापर्यंतच्या मालाचा पहिल्या वर्षाचा अंदाज काय होता आणि खरी विक्री किती झाली, ते काढते आणि त्याच प्रमाणात नवा अंदाज कापते. पहिलाच माल असेल तर निम्मा धरते.

ऑर्डरीवर बनवलेलं डिझाइन

एका बाबतीत मात्र नगावर पसरणं योग्य ठरतं: एकाच गिऱ्हाइकासाठी डिझाइन आणि नगांची संख्या लेखी ठरलेली. इथे भागाकारातला खालचा आकडा अंदाज नसतो, करार असतो. पण करार नीट लिहिला तरच.

महापेच्या एका पॅनलवाल्याने खास बोर्ड मागितला. डिझाइनचा खर्च ३,००,०००, पीओ १,५०० नगांचा. युनिटने नगामागे २०० जास्त लावले. पॅनलवाल्याने ६०० नग उचलले आणि त्याचं मॉडेल बंद पडलं. वसूल १,२०,०००, अडकले १,८०,०००. पीओत उरलेल्या नगांबद्दल एक शब्द नव्हता.

आता ते कोटेशन असं देतात. डिझाइनचं वेगळं बिल, त्यातले निम्मे म्हणजे १,५०,००० सँपल पास झाल्यावर लगेच. उरलेले १,५०,००० पहिल्या ५०० नगांवर, नगामागे ३००. खाली दोन वाक्यं असतात: ठरलेल्या तारखेपर्यंत ५०० नग उचलले नाहीत तर डिझाइनची बाकी रक्कम एकदम द्यावी लागेल, आणि ५०१ व्या नगापासून भावातून ३०० रुपये कमी होतील. दुसरं वाक्य स्वतःहून लिहा. नाहीतर खरेदीवाला एक दिवस ते मागणारच, आणि तेव्हा तो तीनशेवर थांबणार नाही. डिझाइनची मालकी कुणाची हेही तिथेच लिहा, कारण वेगळे पैसे दिले की गिऱ्हाईक ड्रॉइंग मागतो. जीएसटी दोन्ही रकमांवर लागतो.

सीएकडे जाताना

आतापर्यंत सांगितलं ते आपल्या निर्णयांसाठी. ताळेबंदाचे नियम वेगळे आहेत आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नका. बहुतेक छोट्या कंपन्यांना लागू होणाऱ्या लेखा मानक २६ प्रमाणे शोधाचा टप्पा, म्हणजे आपले १,८०,०००, त्याच वर्षी खर्चात जातो. त्यात पर्याय नाही. डिझाइनचा टप्पा मात्र मालमत्ता म्हणून दाखवता येतो, जर काही अटी पुऱ्या होत असतील: माल तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतो, तो पूर्ण करून विकायचा इरादा आहे, विकण्याची क्षमता आहे, बाजार आहे, लागणारा पैसा आणि माणसं आहेत, आणि खर्च नीट मोजता येतो. मग ती मालमत्ता उपयोगाच्या वर्षांवर खर्चात टाकत जायची, ती वर्षं दहापेक्षा जास्त नसावीत असं मानक साधारणपणे धरतं.

इथे नवख्यांची एक चूक सुधारता येत नाही. एकदा खर्चात टाकलेली रक्कम पुढच्या वर्षी माल चालला म्हणून मालमत्तेत परत आणता येत नाही. म्हणून शोध कधी संपला आणि डिझाइन कधी सुरू झालं, त्या दिवशी एक कागद करून ठेवा. या युनिटमध्ये तो अर्ध्या पानाचा आहे: तारीख, ‘इलेक्ट्रोड सळ्या नक्की, अल्ट्रासॉनिक रद्द, कारण भाव’, अंदाजे खर्च, अपेक्षित विक्री, मालकांची सही. सीए पहिल्यांदा तोच मागतात.

दुसरं मॉडेल आलं की

आता त्यांच्याकडे मोबाइलवरून चालणाऱ्या कंट्रोलरचं काम सुरू झालंय. पहिला प्रश्न आला, जुन्या वहीतली बाकी नव्या मालावर चढवायची का? नाही. नव्याला नवं पान. जुन्या डब्यातला बोर्ड नव्यात तसाच वापरला तरी त्याचे पैसे गेलेले आहेत, नव्या मालामुळे ते पुन्हा जात नाहीत. जुनी बाकी नव्यावर चढवली तर नवा माल पहिल्याच दिवशी महाग दिसतो आणि जुना का बुडाला हे कधी कळत नाही. जुन्याची विक्री थांबली तर त्याच्या पानावर जे उरेल ते तिथेच तोटा म्हणून लिहायचं, आणि ताळेबंदात मालमत्ता दाखवली असेल तर सीएला त्याच वर्षी सांगायचं.

कॉस्ट शीटमधून पाचशेची ओळ आम्ही काढली. तिच्या जागी आता शीटच्या खाली, चौकटीबाहेर, एक ओळ असते: ‘डिझाइन बाकी’, महिना आणि रक्कम. फोन आला की मालक आधी अठ्ठावीसशे बघतात, मग ती ओळ.